कोलेस्टेरॉलची वाटणी कशी झाली?

लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आला की आपण तो ठरलेल्या क्रमाने वाचतो. एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आहे ना? वाईट किती? चांगलं किती? मग जेवणाच्या ताटाकडे बोट जातं. तूप बंद करा, अंडं नको, बदाम वाढवा, खोबरेल तेलाने म्हणे चांगलं वाढतं. चांगलं आणि वाईट ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे, की कोलेस्टेरॉल नावाचे दोन वेगळे पदार्थ आपल्या रक्तात फिरत असावेत असंच वाटतं.

प्रत्यक्षात कोलेस्टेरॉलचा रेणू एकच आहे. तो चांगल्यात जसा असतो तसाच वाईटातही असतो. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही आणि रक्त तर बहुतांशी पाणीच आहे, म्हणून ते प्रथिनांचं वेष्टन असलेल्या सूक्ष्म कणांत भरून फिरतं. फरक आहे तो या कणांमध्ये. एलडीएल हे हलके कण आणि एचडीएल हे त्यांच्यापेक्षा लहान, जड कण. त्यांना चांगलं-वाईट ठरवायला विज्ञानाला बराच काळ लागला, आणि आज त्या जोडीतला एक शब्द भक्कम उभा आहे तर दुसरा डळमळीत झाला आहे. ताटात काय असावं याचं उत्तर बदललं ते त्यामुळेच, म्हणून हा मागोवा.

कोलेस्टेरॉल पहिल्यांदा सापडलं ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये, पित्ताच्या खड्यांत. १८१५च्या सुमारास शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं तो रसायनशाळेतला एक मेणचट पदार्थ एवढाच राहिला. १९१०मध्ये जर्मनीच्या आडोल्फ विंडाउसने रोगट महारोहिण्या तपासल्या आणि त्यांच्या भिंतींत निरोगी महारोहिणीपेक्षा वीसपट आणि त्याहूनही जास्त कोलेस्टेरॉल असल्याचं दाखवलं. तेव्हा कुठे त्याचा संबंध हृदयाशी जुळला.

तीन वर्षांनी, १९१३मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह या तरुणांनी सशांवर प्रयोग केला. अंड्याच्या बलकातून काढलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून काही सशांना रोज दिलं, आणि बाकीच्यांना नुसतंच तेल. कोलेस्टेरॉल मिळालेल्या सशांच्या धमन्यांत माणसात दिसतात तसे चरबीचे थर साठले. नुसतं तेल मिळालेल्यांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. रोहिणीकाठिण्य हा केवळ म्हातारपणाचा भाग आहे, ही समजूत इथे हलली.

पण हाच आहार उंदरांना आणि कुत्र्यांना दिला तर त्यांना काहीच होत नसे. पुढे कारण कळलं. कुत्रा आणि उंदीर जास्तीचं कोलेस्टेरॉल यकृतात पित्ताम्लांत बदलून बाहेर टाकतात. ससा शुद्ध शाकाहारी, त्याच्या रोजच्या खाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे ते आलं की त्याच्या रक्तात तुंबतं. माणूस या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. आपलं शरीर स्वतःच दिवसाला आठशे ते हजार मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल तयार करतं. खाण्यातून जास्त आलं तर यकृत आपलं उत्पादन कमी करतं, आणि खाल्लेल्यातलंही साधारण निम्मंच आतड्यातून शोषलं जातं. एका अंड्यात दोनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कोलेस्टेरॉल असूनही बहुतेकांच्या रक्तात त्याचा फरक थोडाच पडतो, तो यामुळे. सशाचा प्रयोग खरा होता, पण त्यावरून अंड्यावर जी बंदी आली ती माणसाला पुरती लागू नव्हती. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून दिवसाला तीनशे मिलिग्रॅमची मर्यादा निघाली ती थेट २०१५च्या आवृत्तीत.

आता वाटणीकडे. ती झाली कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या डॉनर प्रयोगशाळेत, १९४९-५०च्या सुमारास. जॉन गॉफमन हा मूळचा अणुरसायनाचा माणूस. युद्धकाळात त्याने प्लुटोनियम वेगळं काढण्याचं काम केलं होतं. नंतर तो वैद्यकाकडे वळला आणि रक्तातली चरबी नेमकी कशात असते हे पाहण्यासाठी त्याने अल्ट्रासेंट्रिफ्यूज वापरायचं ठरवलं. हे यंत्र नळीतलं द्रव मिनिटाला पन्नास हजारांहून जास्त फेऱ्यांनी फिरवतं, आणि त्यातली जड प्रथिनं तळाकडे जातात. याआधी स्वीडनमध्ये रक्तद्रव असा फिरवला गेला होता, पण चरबीवाले कण त्यात धड बुडत नसत आणि धड तरंगतही नसत, त्यामुळे आलेखावर एक गोंधळलेला उंचवटा दिसे आणि तो कसला हे कुणाला सांगता येत नसे.

गॉफमन आणि त्याचा विद्यार्थी फ्रँक लिंडग्रेन यांनी त्यात मीठ घातलं. ताजं अंडं साध्या पाण्यात बुडतं आणि मिठाच्या पाण्यात वर येतं, तेच इथे झालं. रक्तद्रवाची घनता मिठाने पाण्याच्या १.०६३ पट केली, की प्रथिनं खाली गेली आणि चरबीचे कण वर तरंगले, तेही आपापल्या हलकेपणानुसार वेगवेगळ्या थरांत. आज आपण ज्याला एलडीएल म्हणतो ते याच १.०६३च्या आत तरंगणारे कण. त्या घनतेलाही जे खालीच राहतात आणि आणखी मीठ घातल्यावरच वर येतात, ते एचडीएल. म्हणजे ही विभागणी मुळात घनतेची होती, गुणांची नव्हती. गुणांचा भाग गॉफमनने त्यावर चढवला. हृदयविकाराच्या रुग्णांत हलक्या कणांचे काही गट जास्त दिसतात, हे त्याने १९५०मध्ये मांडलं.

पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड बार आणि सहकाऱ्यांना उलट बाजू दिसली. हृदयरोग्यांत जड कण कमी होते आणि निरोगी तरुण स्त्रियांत भरपूर. चांगल्या कोलेस्टेरॉलची ही पहिली खूण म्हणायला हवी. पण ती पंचवीस वर्षं जवळपास पडून राहिली, आणि त्याचं कारण साधं होतं. अल्ट्रासेंट्रिफ्यूज महाग आणि किचकट होतं. १९५६मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या तुलनेत असा निष्कर्ष निघाला, की एकूण कोलेस्टेरॉल मोजून जेवढं कळतं त्याहून फार जास्त या यंत्राने कळत नाही. एकूण कोलेस्टेरॉलची चाचणी स्वस्त होती. मग आहाराचे सगळे मोठे अभ्यास त्या एकाच आकड्यावर चालले. अन्सेल कीज आणि इतरांनी संपृक्त स्निग्धं, म्हणजे लोणी, तूप, मांसाची चरबी, आणि असंपृक्त तेलं यांचा परिणाम मोजला तो याच आकड्यावर. त्यांचा मुख्य निष्कर्ष, संपृक्त स्निग्धाने कोलेस्टेरॉल चढतं आणि करडई-सूर्यफुलासारख्या तेलांनी उतरतं, आजही टिकून आहे. पण चढतं ते कुठल्या कणातलं, हे त्यात दिसत नव्हतं. या अंधारात एक मोठी चूक लपून बसली. तिच्याकडे येतोच.

एचडीएलला पुन्हा उजेडात आणलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे यंत्राशिवाय मोजायची युक्ती. रक्तद्रवात हेपरिन आणि मँगनीजचा क्षार घातला की एलडीएलसारखे कण साक्याच्या रूपात खाली बसतात आणि वर उरलेल्या द्रवात फक्त एचडीएल राहतं. दुसरी म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं फ्रेमिंगहॅम हे गाव. तिथल्या रहिवाशांची तपासणी १९४८पासून सुरू होती. १९७७मध्ये तिथल्या २,८१५ स्त्री-पुरुषांचे आकडे प्रसिद्ध झाले आणि त्यात एचडीएल जितकं जास्त तितका हृदयविकार कमी, असं ठळक नातं दिसलं. चांगलं आणि वाईट हे सोपे शब्द रूढ झाले ते यानंतर.

त्याआधी, १९७२मध्ये, आपल्या रिपोर्टवर आजही राज्य करणारं एक सूत्र आलं होतं. एलडीएल थेट मोजणं अवघड होतं. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन यांनी सुचवलं, की एकूण कोलेस्टेरॉल मोजा, त्यातून एचडीएल वजा करा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करा. उरतं ते एलडीएल. तुमच्या कागदावरचं एलडीएल अनेकदा मोजलेलं नसतं, या वजाबाकीतून आलेलं असतं. शेवटी एक रिपोर्ट मांडून पाहणार आहोत, त्याला हे लागेल.

एलडीएल रक्तात का साठतं, हे उलगडलं टेक्सासमध्ये, डॅलसला. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन अशा मुलांचा अभ्यास करत होते ज्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून सहाशेच्या वर असतं आणि ज्यांना शाळेच्या वयात हृदयविकार होतो. १९७३-७४मध्ये त्यांना आढळलं, की निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारं एक प्रथिन असतं, ज्याला ग्राहक म्हणू. या मुलांत ते नव्हतं किंवा निकामी होतं. त्यांना १९८५मध्ये नोबेल मिळालं. यकृताच्या पेशींवर हे ग्राहक जितके जास्त तितकं एलडीएल रक्तातून वेगाने उचललं जातं. ते कमी पडले की कण रक्तात जास्त वेळ रेंगाळतात आणि धमनीच्या भिंतीत शिरतात.

रोजच्या अन्नाचा वाईट कोलेस्टेरॉलवरचा जवळजवळ सगळा परिणाम या ग्राहकांतून समजतो. तूप, लोणी, साय, खोबरेल आणि पाम तेल यांतलं संपृक्त स्निग्ध यकृतातले ग्राहक कमी करतं, म्हणून एलडीएल वाढतं. त्यात कोलेस्टेरॉल असायलाच हवं असं नाही. खोबरेल तेलात कोलेस्टेरॉलचा कणही नसतो, तरी ते एलडीएल वाढवतं. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं छापलेली तेलाची बाटली म्हणून काहीच सांगत नाही. कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल मोजण्याइतकं नसतं.

उलट दिशेने काम करतात डाळी, राजमा, छोले, ओट्स, बार्ली, इसबगोल. यांतला विरघळणारा तंतू आतड्यात चिकट होतो आणि पित्ताम्लांना धरून ठेवतो. एरवी आपण ही पित्ताम्लं जवळपास सगळी परत शोषून घेतो. ती शौचावाटे निघून गेली, की यकृताला नवी बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, ते मिळवायला यकृत ग्राहक वाढवतं, आणि रक्तातलं एलडीएल उचललं जातं. दिवसाला साधारण १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं, म्हणजे एक भरलेली वाटी उसळ किंवा दाट वरण, यावरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर एलडीएल पाच टक्क्यांच्या आसपास उतरतं. हा आकडा लहान आहे आणि तो लहानच आहे हे सांगायला हवं. पण मटकीची उसळ आणि पिठलं ज्या घरात रोजच्या रोज होतं, त्या घरात तो फुकटात मिळतो. पातळ आमटीत डाळ शोधावी लागत असेल तर मात्र नाही.

आता त्या लपलेल्या चुकीकडे. तिचा आपल्या स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत विल्हेल्म नोर्मानने पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याची पद्धत शोधली. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आलं. ते इतकं रुजलं की कुठल्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. स्वस्त, टिकाऊ आणि पांढरंशुभ्र. चिरोट्यांचा साटा करताना ते तांदळाच्या पिठाबरोबर फेसलं की हलकं होई, शंकरपाळ्यांना त्याचं मोहन घातलं की त्या खुसखुशीत होत. बेकरीतली खारी आणि नानकटाई त्याच्यावरच चाले.

वनस्पतीवर आपल्याकडे वाद झाला तो हृदयाच्या काळजीने नव्हे, भेसळीच्या भीतीने. साजूक तुपात ते मिसळलं तर ओळखू येत नसे. मग वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं कायद्याने सक्तीचं झालं. संशयित तूप वितळवून त्यात साखर घातलेलं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून हलवायचं. तिळातल्या एका घटकामुळे आम्लाचा थर लालगुलाबी झाला, की त्या तुपात वनस्पती आहे. कित्येक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही बोदुआँची चाचणी मुलांनी हाताने केली आहे. भेसळ पकडायला हा रंग होता. वनस्पतीचा रक्तावरचा परिणाम पकडायला मात्र काही नव्हतं.

तेल पूर्ण घट्ट न करता अर्धवट केलं, की त्यातल्या काही स्निग्धाम्लांची वाकडी साखळी सरळ होते. ही ट्रान्स स्निग्धं. रासायनिकदृष्ट्या ती असंपृक्तच राहतात, म्हणून ती तेलाच्या बाजूची, तुपापेक्षा बरी, असा समज होता. एकूण कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या जुन्या अभ्यासांत ती फारशी वाईट दिसतही नव्हती.

१९९०मध्ये नेदरलँड्समधल्या रोनाल्ड मेन्सिंक आणि मार्टाइन काटान यांनी हे नीट तपासलं. ५९ निरोगी माणसं घेतली, ३४ स्त्रिया आणि २५ पुरुष. प्रत्येकाला तीन वेगवेगळे आहार तीन-तीन आठवडे दिले, फक्त क्रम वेगवेगळा ठेवला. तिन्ही आहार सारखेच, फरक एवढाच की दिवसाच्या उष्मांकांपैकी दहा टक्के एकात ऑलिइक आम्लातून आले, म्हणजे ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याच्या तेलात मुख्यत्वे असतं त्यातून, दुसऱ्यात ट्रान्समधून आणि तिसऱ्यात संपृक्त स्निग्धातून. ऑलिइकच्या तुलनेत संपृक्त आहाराने एलडीएल १८ मिलिग्रॅमने चढलं आणि एचडीएल तिथेच राहिलं. ट्रान्स आहाराने एलडीएल १४ने चढलं, आणि एचडीएल ७ने उतरलं.

आता हेच एकूण कोलेस्टेरॉलच्या डोळ्यांनी पाहा. ट्रान्समध्ये १४ वाढलं आणि ७ घटलं, म्हणजे बेरजेत जेमतेम सातची वाढ. संपृक्तमध्ये अठरा किंवा अधिक. फक्त बेरीज बघणाऱ्याला वनस्पती तूप लोण्यापेक्षा चांगलंच दिसणार. चांगल्या कणातली घट वाईट कणातली वाढ झाकत होती. कोलेस्टेरॉलच्या वाटणीने आहाराच्या विज्ञानाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असं मला विचाराल तर मी हा प्रयोग सांगेन. पन्नास वर्षं डब्यातून घरोघरी गेलेला पदार्थ या दोन रकान्यांमुळे उघडा पडला.

तरी कायदा व्हायला वेळ लागला. डेन्मार्कने २००३मध्ये मर्यादा घातली. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्सची मर्यादा आधी दहा टक्के, मग पाच, १ जानेवारी २०२१पासून तीन आणि १ जानेवारी २०२२पासून दोन टक्के अशी खाली आली. आज वनस्पतीचा आणि बेकरीच्या मार्जरीनचा घट्टपणा बराचसा पाम तेलाच्या घट्ट भागातून येतो. पाकिटावर ट्रान्स शून्य असतं आणि ते खरंही असतं, पण संपृक्त स्निग्धाचा रकाना वाचला तर एलडीएल वाढवायला तो पुरेसा असतो. खारी पूर्वीपेक्षा बरी झाली आहे, निरुपद्रवी झालेली नाही.

एचडीएलच्या दिवसांना उतार लागला तो २००६मध्ये. ते खरोखरच संरक्षण करतं असं मानण्याला आधार होता. १९६८मध्ये जॉन ग्लॉमसेटने मांडलं होतं, की हे कण ऊतींतलं कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेतात. मग ते औषधाने वाढवलं तर हृदयविकार टळायला हवा. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल सत्तर टक्क्यांहून जास्त वाढलं, शिवाय एलडीएल पाव हिश्श्याने उतरलं. रिपोर्टवर याहून सुंदर आकडे मागता आले नसते. पंधरा हजार रुग्णांची चाचणी डिसेंबर २००६मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. त्यात त्या औषधाच्या रक्तदाब वाढवण्यासारख्या दोषांचाही हात होता. पण नंतरच्या नायसिनच्या मोठ्या चाचण्यांतही तेच. एचडीएल वाढलं, झटके कमी झाले नाहीत.

आनुवंशिकीने निकाल स्पष्ट केला. काही लोकांत जन्मतःच एका जनुकातल्या फरकामुळे एचडीएल थोडं जास्त असतं. २०१२मध्ये हजारोंचा डेटा तपासला तर त्यांना हृदयविकार कमी होत नव्हता. याउलट पीसीएसके९ या जनुकातल्या फरकामुळे ज्यांचं एलडीएल आयुष्यभर २८ टक्के कमी राहिलं, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला होता. म्हणून या दोन विशेषणांचं वजन सारखं नाही. एलडीएल हे रोगाचं कारण आहे. एचडीएलचा आकडा ही बहुतेक वेळा खूण आहे. तो कमी असेल तर शरीरात काहीतरी बिघडलं असल्याचं तो सांगतो, पण तो ओढून वर नेला म्हणून बिघाड दुरुस्त होत नाही.

कोकणात आणि गोव्यात ऐकू येणारा खोबरेल तेलाचा युक्तिवाद इथे तपासता येतो. खोबरेल चांगलं कोलेस्टेरॉल वाढवतं, हे खरंच आहे. २०२०मध्ये अनेक चाचण्यांचं एकत्रित गणित प्रसिद्ध झालं. शेंगदाणा, सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलने एचडीएल सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढलं आणि एलडीएल सुमारे १०ने. ती चारची वाढ रक्षण करते असं दाखवता येत नसेल, तर हिशोबात दहाच उरतात. दारूनेही एचडीएल वाढतं, आणि तोही युक्तिवाद याच कारणाने पडतो. यावरून माशाच्या कालवणातलं ओल्या खोबऱ्याचं वाटण बंद करा असं मी म्हणणार नाही. त्यात पाणी आणि तंतू असतात आणि वाटणीला थोडंच येतं. तळणीला आणि फोडणीला रोज खोबरेलच वापरणं ही निराळी गोष्ट आहे. साजूक तुपाचंही तसंच. वरणभातावरच्या एका छोट्या चमच्यात, पाच ग्रॅम तुपात, तीन ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्ध असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दोन हजार कॅलरींच्या आहाराला साधारण २२ ग्रॅम येते. चमचा त्यात सहज बसतो. पुरणपोळीबरोबरची वाटी एकटीच त्यापलीकडे जाऊ शकते.

मग आपल्याकडे एचडीएल कमी का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथले लोक तपासले होते. त्यांतल्या ७२ टक्के लोकांत एचडीएल कमी होतं. एलडीएल जास्त असलेले १२ टक्केच. यामागचं मुख्य यंत्र ट्रायग्लिसराइडचं आहे. भात, पोहे, मैदा, साखर, उपवासाचा साबुदाणा यांतून गरजेपेक्षा जास्त पिष्ट आणि गोड येत राहिलं, आणि पोटावर चरबी असली, की यकृत त्याचं ट्रायग्लिसराइड करून मोठ्या कणांतून रक्तात सोडतं. हे कण आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला देतात आणि त्याच्याकडचं कोलेस्टेरॉल घेतात. असं एचडीएल आकसतं आणि लवकर मोडीत निघतं. आकडा खाली येतो. तूप न खाणाऱ्या, काटेकोर उपवास करणाऱ्या माणसाचं एचडीएल ३२ का, याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या दिवसभराच्या चहातल्या साखरेत आणि साबुदाण्यात असतं.

आता तो रिपोर्ट. समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांचं एकूण कोलेस्टेरॉल १९६ आहे, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २६०. सूत्राने २६०चा पाचवा हिस्सा ५२. मग १९६मधून ३४ आणि ५२ गेले की एलडीएल ११०. कागद सांगतो: एकूण ठीक, वाईट फारसं नाही, चांगलं तेवढं कमी. घरचे बदाम-अक्रोड आणतात. पण १९६मधून फक्त एचडीएल वजा केलं तर १६२ उरतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल या १६२मध्ये आहे, एलडीएलमधलं आणि ट्रायग्लिसराइडवाल्या कणांतलंही. सर्वसाधारणपणे हा आकडा १३०च्या आत असावा असं मानतात. म्हणजे ज्या रिपोर्टमध्ये वाईट कमी दिसत होतं, तिथे ते दुसऱ्या रकान्यात बसलेलं होतं. शिवाय ट्रायग्लिसराइड इतकं चढलं की पाचव्या हिश्श्याचं गणित चुकू लागतं आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसण्याची शक्यता वाढते. चारशेच्या वर तर ते वापरूच नये.

या गृहस्थांनी आधी चहातली साखर, मैदा आणि रात्रीच्या भाताचं माप कमी करावं, भाताची जागा उसळीने आणि भाजीने भरावी, दारू असेल तर सोडावी, आणि रोज चालावं. ट्रायग्लिसराइड यालाच सर्वांत लवकर दाद देतं, आणि ते उतरलं की एचडीएल पुष्कळदा आपोआप काही अंकांनी वर येतं. तळणीचं तेल खोबरेल, पाम किंवा वनस्पती असेल तर ते शेंगदाणा किंवा करडईचं करावं, म्हणजे एलडीएलचाही भार हलका होईल. बदाम जरूर खावेत. त्यांनी एलडीएल थोडं उतरतं, म्हणून. ज्यांचं एलडीएल १९०च्या वर आहे, किंवा ज्यांच्या घरात चाळिशीतच हृदयविकाराचे झटके आले आहेत, त्यांच्याकडे ग्राहकच जन्मतः कमी असण्याची शक्यता असते. तिथे ताट बदलून पुरत नाही, डॉक्टरांकडून औषध घ्यावंच लागतं.

आहार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. तेव्हा ट्रायग्लिसराइड अजूनही तीनशेच्या पुढे असेल, तर एलडीएल सूत्राने न काढता थेट मोजून द्यायला सांगावं, आणि एकूणमधून एचडीएल वजा करून उरणारा आकडा रिपोर्टवर छापलेला नसेल तर तो स्वतःच पेनाने बाजूला लिहून डॉक्टरांना दाखवावा.